जुनी नोट फाडून नवी सही करू का?

प्रश्न : मी शाळेत शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी परवानाधारक सावकाराकडून दीड लाख घेतले, दरमहा शेकडा पाचने. व्याज रोख देत आलो, पावती एकही नाही. सही केलेले दोन कोरे चेक त्याच्याकडे आहेत. आता तो म्हणतो, तीन लाखांच्या नव्या प्रॉमिसरी नोटवर सही करा, जुनी फाडून टाकतो. करू का?

उत्तर : नाही. सर, बाकी सगळं नंतर बघू, आधी ही सही थांबवा. अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेक सही करून झाल्यावर येतात, म्हणून तुम्ही वेळेत विचारलंत याचं बरं वाटलं.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे मुद्दल म्हणजे तुमच्या हातात प्रत्यक्ष पडलेली रक्कम. थकलेलं व्याज मिसळून नवा कागद केला म्हणून दीड लाखाचे तीन लाख होत नाहीत, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याजही सावकाराला वसूल करता येत नाही. पण मूळ रक्कम दीड लाखच होती, हे दाखवणारा कागद तो तुमच्यासमोर फाडणार आहे. शिवाय वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत तुमच्याच सहीने नव्याने सुरू होईल.

एका प्राथमिक शिक्षिकेचं प्रकरण सांगतो. दोन लाख, शेकडा चार, म्हणजे दरमहा ८,०००. असे एकोणीस हप्ते त्यांनी भरले होते आणि सावकाराच्या वहीत बाकी अजून दोन लाखच होती. मात्र बाईंची रक्कम बँकेतून आली होती आणि हप्तेही बँकेतूनच गेले होते. पासबुक समोर ठेवून आम्ही हिशोब मांडला. बिगरशेती, विनातारण कर्जाला शासनाने ठरवलेली कमाल मर्यादा वर्षाला १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड. पहिल्या महिन्याचं व्याज ३,०००, उरलेले ५,००० मुद्दलात. दुसऱ्या महिन्याचं व्याज मग १,९५,००० वर, २,९२५. असं करत एकोणिसाव्या हप्त्यानंतर बाकी राहिली सुमारे ९१,०००.

हा हिशोब जोडून आम्ही सावकाराकडे खात्याचा उतारा मागितला आणि सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज दिला. पावती आणि उतारा देणं त्याच्यावर बंधनकारक असतं. चौकशीची भीती होतीच, आणि कोर्टात गेलो तर तारखांवर तारखा पडणार हे त्यालाही ठाऊक होतं. तो तडजोडीला आला. ९१,००० ही बाकी मान्य, दरमहा ५,००० बँकेतून, प्रत्येक हप्ता आधी दीड टक्का व्याजात आणि मग मुद्दलात, पूर्ण फेड झाल्यावर नोट आणि चेक परत. चेकचे नंबर त्या कागदात लिहून घेतले. बाईंनी पगार झाला की पहिल्यांदा हा हप्ता पाठवला. बावीस महिने लागले, शेवटचा हप्ता जेमतेम दोन हजारांचा होता. घाईने एकरकमी फेडायला त्या दुसरीकडून कर्ज काढणार होत्या, ते मी करू दिलं नाही.

तुमची अडचण वेगळी आहे ती रोखीची. दोन वर्षं पावती न मागता पैसे देत राहिलात, याचा मला राग येतो, कारण शाळेत हजेरीसुद्धा तुम्ही सहीशिवाय मानत नाही. आता त्या काळातला बँकेतून पैसे काढल्याचा उतारा, सावकाराचे मेसेज, हप्ता देताना हजर असलेला माणूस, जे मिळेल ते गोळा करा. किती रक्कम सिद्ध होईल हे त्यावर अवलंबून आहे, आकडा मी आज सांगणार नाही. पुढचा रुपया मात्र फक्त बँकेतून.

कोऱ्या चेकबद्दल एवढंच, की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडलेली असताना त्याने तो पूर्ण रकमेने भरला, तर चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची तक्रार टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण फेड दाखवता आली पाहिजे. चेक परत आल्याची नोटीस आली तर उत्तराला पंधरा दिवसांच्या आत वकील गाठा, ती नोटीस कपाटात ठेवू नका.

या आठवड्यात सावकाराला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. कर्जाची तारीख, मिळालेली रक्कम, दोन्ही चेकचे नंबर आणि उताऱ्याची मागणी, एवढंच त्यात असू द्या. 'माझ्याकडे इतकी बाकी आहे' हे वाक्य त्यात येऊ देऊ नका, आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.