आजीची पहिली ऑनलाइन ऑर्डर

प्रश्न: तुमच्या आजी-आजोबांनी पहिल्यांदा ऑनलाइन काही मागवलं तेव्हा काय झालं?

माझ्या आजीनं दोन वर्षांपूर्वी पितळी सोऱ्या मागवला. जुन्याचे आटे झिजले होते, दांडा फिरवला की पीठ खाली येण्याऐवजी कडेनं वर यायचं. दिवाळी तोंडावर आलेली. मी पुण्याहून गावी आलो होतो, म्हणून फोन घेऊन तिच्याशेजारी बसलो.

तिनं फोटोंकडे फारसं बघितलंच नाही. आधी वजन विचारलं, मग चांदणीची चकती आहे का ते. जुन्या सोऱ्याच्या तोंडाला दोरा गुंडाळून तिनं माप काढलं आणि पडद्यावरच्या आकड्याशी मला ताडून बघायला लावलं. पैसे मात्र वस्तू हातात पडल्यावरच, यावर ती ठाम होती. 849 रुपये सुटे करून तिनं देव्हाऱ्यात ठेवून दिले.

चूक माझी झाली. फोन नंबर माझा दिला आणि पत्त्यात घर क्रमांक न टाकता "जोशी, मारुती मंदिराजवळ" एवढंच लिहिलं. गावात मारुतीची देवळं दोन, आणि दोन्हीकडे जोशी.

मी पुण्याला परतल्यावर डिलिव्हरीवाल्याचा फोन आला, "सर, जोशींच्या दारात उभा आहे, ओटीपी सांगा." मी सांगून टाकला. संध्याकाळी आजीचा फोन, "अरे, सकाळपासून ओटीवर बसून आहे, कोणी फिरकलं नाही." अ‍ॅपवर मात्र 'डिलिव्हर्ड' दिसत होतं. कस्टमर केअरचं उत्तर एकच: कोड जुळला म्हणजे पार्सल पोचलं. तक्रार नोंदवली, दोन दिवस थांबा.

थांबण्याऐवजी मी त्या मुलाचाच नंबर फोनमधून शोधून काढला. त्याला घर आठवत होतं, वरच्या आळीतलं. तिथल्या काकूंना वाटलं सुनेनं काहीतरी मागवलंय, म्हणून त्यांनी पैसे देऊन पार्सल ठेवून घेतलं होतं. खोकं उघडल्यावर त्याही बुचकळ्यात पडल्या होत्या.

देव्हाऱ्यातले पैसे घेऊन आजी स्वतः तिथे चालत गेली. काकूंच्या हातात ते ठेवले, त्यांच्याच ओट्यावर सोऱ्या उघडून चकत्या मोजल्या, मग चहा घेतला. त्या दोघी चाळीस वर्षं एकाच गावात राहतात, पण एकमेकींच्या घरात कधी गेल्या नव्हत्या. दिवाळीत पहिल्या घाण्यातल्या चकल्यांचा डबा वरच्या आळीत गेला.

पुढची ऑर्डर तिनं स्वतःच्या नंबरवर केली. पत्ता मला तोंडी सांगितला: घर क्रमांक, खालचा मारुती, पिठाच्या गिरणीसमोर, निळं दार. आणि मुलगा दारात आला तेव्हा ओटीपीचा मेसेज उघडा ठेवूनही तिनं आकडे सांगितले नाहीत. आधी खोक्यावरचं नाव वाचून घेतलं, खोकं हातात घेतलं, मग एकेक आकडा सावकाश सांगितला.