नवा अभंग दहा मिनिटांत: मागून म्हणवून घेताना

रामकृष्णहरी.

रविवारच्या भजनाला आजी, नोकरदार आणि शाळकरी मुलं एकत्र बसणार, आणि अभंग सगळ्यांनाच नवा. तेव्हा कागद वाटू नकोस. माना खाली जातात, आवाज कागदात जिरतो आणि ज्यांना वाचता येत नाही ते गप्प बसतात. ओळ कानानेच शिकव.

मोठ्या अभंगाच्या चरणात ६, ६, ६ आणि ४ अशी अक्षरं असतात. त्याचे दोनच तुकडे कर: आधी बारा अक्षरं, मग दहा. बारा अक्षरं एका ऐकण्यात लक्षात राहतात. बावीस म्हटलीस तर मधली गळतात. भजनी ठेक्याची दोन आवर्तनं, म्हणजे सोळा मात्रा, एका तुकड्याला पुरतात. मिनिटाला साधारण ९६ मात्रांची लय ठेवलीस तर तुझे दहा सेकंद आणि लोकांचे दहा.

सगळ्यात जास्त गडबड होते ती तुकडे जोडताना. दहा अक्षरांच्या तुकड्यात शेवटी चारच अक्षरं असल्याने श्वासाला जागा मिळते. बारा अक्षरांच्या तुकड्यात ती नसते. तू शेवटचा स्वर समेपर्यंत ओढलास की लोक दोन मात्रा उशिरा उचलतात आणि टाळ पुढे निघून जातात. म्हणून तिथलं शेवटचं अक्षर चौदाव्या मात्रेवर सोड. पंधरावी-सोळावी रिकामी ठेव, त्यात हात वर कर आणि समेवर खाली आण. त्या मोकळ्या जागेत मुरकी घ्यायचा मोह होईल, पण शिकवताना ती घेऊ नकोस, नाहीतर प्रत्येक जण ती आपापल्या तऱ्हेने घेईल. प्रत्येक तुकडा तीनदा म्हणवून घेशील, तेव्हा तिन्ही वेळा चाल अगदी सारखी ठेव. तू बदललीस की लोकांना वाटतं आपलंच चुकलं.

लोक म्हणत असताना माईक बाजूला घे आणि ऐक. सोबत गायलास तर ओळ बसली की नाही ते तुला कधीच कळणार नाही. शब्द पुसट आले तर तेवढाच शब्द ठेक्याशिवाय नुसता बोलून घे. स्वर ओळीच्या टोकाला उतरला तर पेटीवर तो दाखवून शेवटची चार अक्षरं पुन्हा घे.

चाल मंद्र पंचम ते तार षड्ज एवढी असेल तर काळी एक बरी. बायका-मुलं वरच्या सप्तकात, पुरुष खालच्या. पुरुषाने ओळ सांगितली की मुलं स्वर शोधत बसतात, म्हणून एक बाईचा आवाज सोबत घे. चाल येणारे चार-पाच टाळकरी पुढे न बसवता गर्दीत विखुरून बसव.

वेळेचा हिशेब असा: ध्रुपदाचे दोन तुकडे तीन-तीनदा, दोन मिनिटं. जोडून दोनदा, एक मिनिट वीस सेकंद. पहिल्या अंतऱ्यालाही हे सगळं मिळून तेवढाच वेळ. पुढच्या अंतऱ्यांची चाल तीच असते, त्यांचे शब्द गाता गाताच सांग. उरलेल्या सव्वातीन मिनिटांत पूर्ण अभंग होतो.