वक्र बाहेर फुगलेला, मग पुस्तकात 'अंतर्गोल' का?

«खानापूर तालुक्यातून विचारते. धाकट्या भावाला मराठीतून अर्थशास्त्र समजावते आहे. उत्पादन शक्यता वक्र 'आरंभबिंदूशी अंतर्गोल' असतो असं पुस्तकात आहे, पण चित्रात तर तो बाहेर फुगलेला दिसतो. शिवाय 'वैकल्पिक खर्च वाढत जातो' म्हणतात, तो खर्च कोण कुणाला देतं? आणि जमीन पड असली किंवा विकास झाला तर बिंदू सरकतो की वक्र?»

उत्पादन शक्यता वक्र म्हणजे हाताशी असलेली सगळी साधनं नीट वापरून दोन वस्तूंच्या जास्तीत जास्त कोणत्या जोड्या काढता येतात ते दाखवणारी रेघ. ती अंतर्गोल की बहिर्गोल हे आपण कुठं उभं राहून बघतो त्यावर आहे. दोन्ही अक्ष जिथं मिळतात त्या आरंभबिंदूपाशी उभं राहून वर बघा, वक्राची पोकळ बाजू तुमच्याकडे येते, वाटीत वाकून बघावं तशी. बाहेरून बघणाऱ्याला तोच वक्र फुगलेला दिसतो. म्हणून त्या वाक्यातला 'आरंभबिंदूशी' हा शब्द गाळायचा नाही. तो गाळला की समवृत्ती वक्राशी, म्हणजे ग्राहकाला सारखंच समाधान देणाऱ्या जोड्यांच्या वक्राशी, घोटाळा होतो, कारण समवृत्ती वक्र बरोबर उलटा, म्हणजे आरंभबिंदूशी बहिर्गोल असतो, आणि परीक्षेत या दोघांची अदलाबदल हमखास होते.

वक्र फुगतो का, हे कळलं की खर्चाचं कोडं आपोआप सुटतं. त्यासाठी तुमच्याकडचीच दोन पिकं घेऊ, भात आणि रताळी. दोन्ही पावसाळ्यातली, त्यामुळं एका रानात एका हंगामात एकच घेता येतं. बेळगाव-खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात पाणी धरणारं सखल रानही आहे आणि तांबड्या मातीचा, पाणी न थांबणारा माळही. भाताला पाणी साचलेलं चालतं, रताळ्याचा वेल मात्र साचल्या पाण्यात कुजतो.

समजा एका घराची एकेक एकराची चार रानं आहेत. पुढचे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, कुणाच्या सातबाऱ्यावरचे नाहीत. अगदी सखल रानात भात घेतलं तर २० क्विंटल, रताळी घेतली तर जेमतेम १०. त्याच्या वरच्या रानात भात १६ किंवा रताळी ३२. उताराच्या रानात भात १२ किंवा रताळी ४८. आणि माळावर भात ५ किंवा रताळी ५०. चारही रानांत रताळी घातली तर एकूण १४० क्विंटल होतात आणि भात शून्य. आता घरात भात हवं झालं. पहिलं रान कुठलं बदलायचं? हे कुणाला शिकवावं लागत नाही. माळाला भात लावायचं म्हटलं तर घरातलं म्हातारं माणूस लगेच विचारेल, "काय पिंजर कापाय जाणार हाय काय?" पिंजर म्हणजे भाताचा पेंढा.

तेव्हा आधी सखल रान. तिथं २० क्विंटल भात आलं आणि १० क्विंटल रताळी गेली, म्हणजे एका क्विंटल भातापायी अर्धा क्विंटल रताळ्यावर पाणी सोडलं. हाच वैकल्पिक खर्च. तो कुणी कुणाला देत नाही, त्याची पावती नसते. एक गोष्ट केल्यामुळं दुसरी जी हातची गेली, तिचं माप म्हणजे हा खर्च. (काही पुस्तकांत 'संधी खर्च' किंवा 'पर्यायी खर्च' म्हणतात, अर्थ तोच.) मात्र सोडलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज करायची नाही, त्यातला सगळ्यांत चांगला एकच धरायचा. त्या रानात रताळ्याऐवजी नाचणीही झाली असती म्हणून रताळी आणि नाचणी दोन्ही खर्चात धरणं चूक, कारण रान एकच आहे.

आणखी भात हवं असेल तर दुसरं रान, तिथं १६ क्विंटल भातासाठी ३२ क्विंटल रताळी जातात, म्हणजे क्विंटलमागं २. तिसऱ्या रानात क्विंटलमागं ४. शेवटी माळ उरतो, तिथं ५ क्विंटल भातासाठी ५० क्विंटल रताळी घालवायची, क्विंटलमागं १०! भात तेच, क्विंटल तोच, पण पहिला क्विंटल अर्ध्यात पडला आणि शेवटचा दहात.

हे कागदावर मांडा. आडव्या अक्षावर भात, उभ्यावर रताळी. बिंदू येतात भात ० तर रताळी १४०, मग २० आणि १३०, ३६ आणि ९८, ४८ आणि ५०, आणि शेवटी ५३ आणि ०. रेघ सुरुवातीला जवळजवळ आडवी जाते आणि पुढं पुढं खाली कोसळते. तो फुगवटा म्हणजे वाढत जाणारा वैकल्पिक खर्चच, आणि वक्राचा उतार हेच त्याचं माप. चारच रानं असल्यानं आपली रेघ चार सरळ तुकड्यांची, कोपरे असलेली झाली. जिल्हाभरची हजारो रानं घेतली, प्रत्येकाचा पोत थोडा वेगळा, की कोपरे झिजून पुस्तकातला गुळगुळीत वक्र होतो. उलट चारही रानं एकसारखी असती तर प्रत्येक क्विंटल भाताला तेवढीच रताळी गेली असती आणि वक्राऐवजी सरळ रेघ आली असती. म्हणून 'वैकल्पिक खर्च नेहमी वाढतोच' असं पाठ करू नये. साधनं दोन्ही कामांना सारखीच लायक नसतात तेव्हा तो वाढतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुस्तकं इथं एका वाक्यात गुंडाळतात: 'वक्राच्या आतला बिंदू म्हणजे बेकार साधनं.' ते अर्धंच खरं आहे.

आधी खरा अर्धा भाग घेऊ. खालच्या दोन रानांत भात, माळावर रताळी, आणि उताराचं रान भावकीच्या वाटणीत अडकून पड. हाती येतं भात ३६ आणि रताळी ५०. हा बिंदू वक्राच्या आत आहे, कारण त्याच ३६ भाताबरोबर ९८ रताळी शक्य होती. वाद मिटून रान लागवडीखाली आलं तर बिंदू वक्राकडे सरकतो, वक्र आहे तिथंच राहतो. यालाच 'आतून वर येताना वैकल्पिक खर्च शून्य' म्हणतात, पण ते जपून घ्या. आधीच्या ३६ आणि ५० मधलं काही कमी होत नाही, एवढ्यापुरताच तो शून्य आहे. त्या रानात भात घालायचं ठरलं की त्याची ४८ क्विंटल रताळी गेलीच.

दुसरा अर्धा भाग म्हणजे, एक गुंठाही पड नसताना बिंदू आत असू शकतो. समजा हट्टानं माळावर भात लावलं आणि बाकी तिन्ही रानांत रताळी घातली. हाती भात ५, रताळी ९०. सगळी माणसं राबतायत, सगळी रानं हिरवी आहेत, तरी हा बिंदू खोल आत आहे. वक्रावर ९० रताळ्यांबरोबर ३८ क्विंटल भात मिळतं. ओळखायचं कसं? भात असलेलं एक रान आणि रताळी असलेलं एक रान घ्या, आणि दोन्हींत क्विंटलमागं किती रताळी जातात ते बघा. भाताच्या रानाचा आकडा मोठा निघाला तर पिकं अदलून टाका. इथं माळ १० आणि सखल रान अर्धा. माळ रताळ्याला दिला तर रताळी ५० वाढली, भात ५ घटलं. सखल रान भाताला दिलं तर भात २० वाढलं, रताळी १० घटली. एकंदर भात १५ जास्त आणि रताळी ४० जास्त! कुणी एक तास जास्त राबलं नाही. अशी अदलाबदल करून दोन्ही वाढवता येतात तोवर बिंदू आत आहे, आणि एक घटवल्याशिवाय दुसरं वाढत नाही तेव्हा तुम्ही वक्रावर आलात.

वक्रावरचा कुठला बिंदू निवडायचा, हे वक्र सांगत नाही. ते बाजारभाव सांगतो. बाकी खर्च सारखा धरला आणि भाताचा भाव रताळ्याच्या तिप्पट असला, तर ज्या रानांत भाताचा वैकल्पिक खर्च तीनपेक्षा कमी आहे ती खालची दोन भाताला, वरची दोन रताळ्याला. भाव चौपटीच्या वर गेला की उताराचं रानही भाताकडे वळतं.

विकास झाला की मात्र वक्रच सरकतो. तो दोन्ही बाजूंनी सारखा सरकेल असं नाही, चित्रात सोयीसाठी तसा काढतात इतकंच. रताळ्याचा नवा वाण आला आणि चारही रानांत रताळी सव्वापट झाली असं धरा. उभ्या अक्षावरचं टोक १४० वरून १७५ वर जातं, भाताचं टोक ५३ वरच राहतं, म्हणजे वक्र त्या टोकाला खिळून वर फिरतो. यात एक गंमत आहे. भातात काहीच बदललं नाही, तरी भाताचा वैकल्पिक खर्च सगळीकडं सव्वापट झाला, कारण सोडाव्या लागणाऱ्या रताळ्याचं पीकच वाढलं. तरीही ज्याला भातच जास्त हवं त्याचाही फायदा होतो. पूर्वी ३६ भात आणि ९८ रताळी होती. आता माळावरच ६२.५ क्विंटल रताळी निघतात, उरलेल्या ३५.५ क्विंटलांना उताराच्या रानाचा सुमारे ६० टक्के भाग पुरतो, बाकीच्यात भात. रताळी तेवढीच, ९८, आणि भात सुमारे ४१.

भावाला एक अवघड उदाहरण जरूर द्या. रान पड आहे, पण वाटणीमुळं नाही, राबणारी माणसं कायमची गोव्याला कामाला गेली म्हणून. मग बिंदू आत आला की वक्रच आत सरकला? जमिनीकडे बघितलं तर साधन रिकामं दिसतं, पण कामाचे हात हेही साधनच आहे आणि ते गावातून गेलंय. उरलेल्या हातांनी जेवढं होतं तेवढं होत असेल, तर गावाचा वक्रच आत आला आणि बिंदू त्याच्यावरच आहे. तीच माणसं गावातच, कट्ट्यावर बसून असतील तर वक्र जागेवर आहे आणि बिंदू आत. शिवारात उभं राहून बघितलं तर दोन्ही वेळा तेच पड रान दिसेल.