दोघांच्या नोंदीतली तीच शेततळी

भाऊ, प्रकल्पांवरच्या सगळ्यांनी पाठवलेले कामाचे मुद्दे एकाखाली एक चिकटवले म्हणजे अहवाल होत नाही. आधी प्रत्येक मुद्द्यापुढे प्रकल्प आणि पाठवणाऱ्याचं नाव लिही, मग प्रकल्पानुसार लाव. एकाच मुद्द्यात शेततळं आणि कपाशीतले कामगंध सापळे आले असतील, तर त्याचे दोन तुकडे कर.

खरी गफलत आकड्यांत होते. एक लिहितो ‘3 शेततळी खोदली’, दुसरा लिहितो ‘आतापर्यंत 7 झाली’. बेरीज करून 10 लिहू नको. मागच्या अहवालात 4 असतील, तर ती 4 आणि नवी 3 मिळूनच 7 होतात, म्हणजे दोघं बहुधा तेच सांगताहेत. गाव आणि शेतकऱ्याचं नाव जुळवून बघ. जुळत नसेल तर फोन लाव.

मागे अडलेल्या कामाबद्दल या वेळी कुणीच लिहिलं नाही, तर ते अडलेलंच दाखव.