पखवाजाची कणीक

"आई, प्रबंधाच्या डिफेन्सच्या सुरुवातीच्या निवेदनातलं माझं पहिलं वाक्य असं आहे: कोकणात सगळं गाव मिळून भजन गायचं, परदेशातल्या देवळात त्याचा कार्यक्रम झाला. बरोबर आहे ना? आणि खरं सांग, तू आपल्या देवळात गातेस ते भजन की परफॉर्मन्स?"

मनू,

तुझा मेसेज आला तेव्हा मी आचऱ्याला, आजीच्या पडवीत होते. दुसऱ्या प्रश्नाने जरा लागलंच, म्हणून दोन दिवस उत्तर दिलं नाही. आता लिहिते. यातलं किती घ्यायचं ते तू ठरव, प्रबंध तुझा आहे.

"सगळं गाव" या शब्दांपाशीच मी अडले, कारण त्या गावात मी होते आणि मी गात नव्हते. गणपतीत रात्री जेवणं आटोपली की मंडळी घरोघर भजनाला निघायची. बाराएक पुरुष. बुवा पेटीवर, शेजारी पखवाज, समोर झांजा आणि टाळ घेतलेला कोरस. आमच्या घरी यायला अकरा वाजायचे. त्याआधी आजी मला हाक मारायची, "गो चेडवा, कणीक मळ." पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा थर चढवतात, त्याने घुमारा येतो. कमी लागली तर आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर बसका, आणि तासाभरात सुकायला लागली की खरवडून पुन्हा लावावी लागते. म्हणून गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. तो मी दारापर्यंत न्यायची, भाऊकाका हात पुढे करून घ्यायचे. माझं भजन त्या दारापर्यंत. पुढचं मी माजघरातून, काळ्या वाटाण्याच्या उसळीच्या पातेल्याशी बसून ऐकलं. आज मला येतात ते बहुतेक अभंग तिथूनच पाठ झालेत. आई आणि काकीलाही यायचे. ओठ हलायचे, आवाज बाहेर जायचा नाही. बायकांचं गाणं वेगळं, फुगडीचं, आणि ते दुपारी.

हे तक्रार म्हणून लिहीत नाही. मला त्या रात्री अजून हव्याशा वाटतात. पण तुझ्या वाक्यात त्या दाराला जागा नाही.

दुसरं, ते भजन तरी कुठलं मूळ? बैठकीत मांडी घालून वाजवायची हातपेटी 19व्या शतकात कलकत्त्यात घडली, तीही युरोपातल्या वाद्यावरून. आणि आमच्या मंडळाची गायकी 1982 च्या गिरणी संपानंतर पार बदलली. मी अकरा वर्षांची होते. गिरणगावातली मंडळं गाजवलेले दोन-तीन चाकरमानी संप लांबल्यावर गावी परतले, दोन बुवांच्या सामन्यातल्या, डबलबारीच्या चाली घेऊन. जुने बुवा ध्रुवपद संथ धरायचे, कोरसाने चार-पाच वेळा झेललं की हळूहळू लय चढवायचे. एका अभंगाला पंधरा-वीस मिनिटं सहज जायची. नव्यांना पहिल्यापासून चढी लय हवी होती, चाल नाटकातल्या पदासारखी. आमच्याच पडवीत यावरून वाद झाला आणि जुने बुवा पेटी मिटून उठले. तेव्हा आमच्या वाडीतून कोणीही परदेशात गेलेलं नव्हतं. म्हणजे तू "कोकणातलं भजन" म्हणतेस ते 1975 चं की 1985 चं? परीक्षक हे विचारतील. त्यांच्याआधी तूच सांगून टाक.

आता आपल्या तिकडच्या देवळाचं. तिथे भजन उरलं नाही असं मलाही कधीकधी वाटतं, नाही म्हणत नाही. शनिवारी संध्याकाळी दीड तास हॉल आपला. त्यात गुजराती, तेलुगू, हिंदी, मराठी धरून सहा गट, म्हणजे प्रत्येकाला पंधरा मिनिटं, त्यातली दोन-तीन माइक हलवण्यात जातात. तेवढ्यात रूपाचा अभंग आणि एक गवळण. लय चढायला वेळच नाही. पखवाज नाही, तबला आहे. त्याला दोन्हीकडे कायमची शाई असते, म्हणून कणीकही नाही.

पण तिथे लोक नुसते ऐकत बसतात, हे मात्र खरं नाही. उलट गावापेक्षा जास्त माणसं गातात. पडद्यावर शब्द असतात ना! नेमकी तिथेच गोची आहे, आणि तुझ्या प्रबंधात ती आलेली मला दिसली नाही. ओळ समोर दिसते म्हणून मी तोंड उघडायच्या आत सगळे माझ्याबरोबर सुरू करतात. मी म्हणायचं आणि त्यांनी झेलायचं, हेच संपतं. कोरस मोठा झाला, पण तो कोणाला उत्तर देत नाही. वाचणारा माणूस कानाने घेत नाही, म्हणून उच्चार जसा रोमन अक्षरांत दिसतो तसा येतो, ळचा ल होतो.

गेल्या आषाढीला प्रोजेक्टर बंद पडला, ती तू नव्हतीस तेव्हाची गोष्ट. ध्रुवपद सगळ्यांनी म्हटलं, पहिल्या चरणाला हॉल एकदम गप्प झाला, फक्त आम्ही चौघीजणी. मला काही सुचेना, मग ऐकलेलं आठवलं तसं केलं. अर्धीच ओळ दिली आणि थांबले. मागून पाचसहा आवाज आले. तीच अर्धी ओळ परत, मग पुढची अर्धी. तबलेवाल्याने भजनी ठेका खाली आणला. तिसऱ्या चरणाला तेलुगू गटातल्या बायकाही झेलत होत्या, शब्दांचा अर्थ कळत नसताना. गवळण राहिली, एकच अभंग झाला, बारा मिनिटांचा. पुढच्या शनिवारी प्रोजेक्टर दुरुस्त होऊन आला आणि सगळं पूर्ववत.

तुझ्याकडे रेकॉर्डिंग आहेत. त्यात एवढंच बघ: पुढचा आवाज आणि मागचा आवाज यांत अंतर पडतं की दोन्ही एकदम येतात. अंतर असेल तिथे झेलणं चालू आहे, मग शब्द कुठल्याही भाषेतले असोत. एक सांभाळ, माइक फक्त पुढच्याला असेल तर कोरस असूनही टेपवर ऐकू येत नाही. तशा टेपवरून कोरस नव्हता असं लिहू नकोस.

निवेदन मी लिहिलं असतं तर असं सुरू केलं असतं, तुला पटलं तरच घे: "मी ज्या गावाशी तुलना करते तिथे भजन पुरुष गात आणि बायका आतून ऐकत, आणि तेही मुंबईच्या ये-जा करणाऱ्यांमुळे बदलत होतं. परदेशातल्या देवळात गाणारे वाढले, बायका पुढे आल्या. कमी झालं ते झेलणं, आणि त्याची कारणं मला वेळेच्या वाटणीत आणि पडद्यात सापडली."

तू विचारलंस भजन की परफॉर्मन्स. मी देवळात पेटी पुढे ओढते तेव्हा दर वेळी मला भाऊकाकांचा पुढे आलेला हात दिसतो. त्याला तू काय म्हणशील ते म्हण, मी वाद घालणार नाही.

आज रात्री मंडळी आपल्याकडे येतील. बुवा आता भाऊकाकांचा नातू आहे, आणि कोरसात त्याची बहीण झांज घेऊन बसते असं काकी सांगते. रेकॉर्ड करायला त्याची परवानगी मी मागितली आहे. फोन कोरसाच्या बाजूला ठेवीन, म्हणजे मागचे आवाज नीट येतील. कणीक मळून ठेवली आहे.

आई