पहिल्याच वर्षाचे दोन ताळेबंद आणि नफ्यात 87,500 रुपयांचा फरक: टॉवेल कारखान्याचा हिशेब

प्रश्न: सोलापुरात टॉवेलचा छोटा कारखाना आहे, पहिलंच वर्ष. एप्रिलमध्ये 10 लाखांची मशिनरी घेतली. 10,000 टॉवेल विणले, 2,500 अजून गोदामात आहेत. एका अकाउंटंटनं सरळ रेषेनं घसारा आणि फिफो धरून 6,40,000 नफा दाखवला, दुसऱ्यानं घटती शिल्लक आणि सरासरी धरून 5,52,500. घसाऱ्यातला फरक 86,667 आणि सुताच्या शिलकीतला 30,000, म्हणजे 1,16,667 होतात. मग नफ्यातला फरक 87,500 कसा? कोणाचं चुकलं?

उत्तर:

कोणाचंच चुकलेलं नाही. उरलेले 29,167 रुपये तुमच्या गोदामात, त्या 2,500 टॉवेलांमध्ये आहेत. दोघांनी वर्षअखेरच्या शिल्लक मालाची किंमत नीट काढलीय, म्हणून असं दिसतंय. आमच्याकडे सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागवाल्यांच्या वह्या येतात, त्यांत बरेचदा हाच भाग राहून गेलेला असतो.

आधी घसारा घेऊ. पहिल्या अकाउंटंटनं बहुधा कंपनी कायद्याच्या परिशिष्टातलं 15 वर्षांचं आयुष्य आणि 5 टक्के भंगार किंमत धरलीय. तुमची फर्म मालकीची असेल तर ते बंधनकारक नाही, पण सगळे तिथूनच उचलतात. 10 लाखांतून 50,000 वजा करून 15 नं भागलं की वर्षाला 63,333. दुसऱ्यानं आयकराचा 15 टक्के दर उरलेल्या किमतीवर लावला, म्हणून पहिल्या वर्षी 1,50,000. फरक 86,667, तुमचा आकडा बरोबर आहे.

पण कारखान्यातल्या मशिनरीचा घसारा हा ऑफिसच्या भाड्यासारखा खर्च नाही. तो टॉवेल विणण्याचा खर्च आहे. हिशेब मानक क्रमांक 2 प्रमाणे तयार मालाच्या किमतीत सूत, मजुरी, वीज यांच्याबरोबर कारखान्याचा घसाराही धरायचा असतो. 10,000 टॉवेलांवर वाटला तर सरळ रेषेनं टॉवेलमागे 6.33 रुपये येतात आणि घटत्या शिलकीनं 15 रुपये. 7,500 टॉवेल विकले गेले, त्यांचा घसारा खर्ची पडला. उरलेल्या 2,500 टॉवेलांचा घसारा शिल्लक मालाच्या किमतीत बसून पुढच्या वर्षात गेला. म्हणून 86,667 पैकी चौथा हिस्सा, 21,667 रुपये, या वर्षीच्या नफ्याला लागलाच नाही. लागले ते 65,000.

सुताचंही तसंच. खरेदीची बिलं तुम्ही दिलेली नाहीत, पण 30,000 चा फरक पुढच्यासारख्या आकड्यांतून येतो. समजा तीन वेळा 2,000 किलो सूत घेतलं, 200, 220 आणि 240 रुपये किलोनं. 4,500 किलो वापरलं, 1,500 उरलं. फिफोत आधी आलेलं आधी वापरलं असं धरतात, म्हणून उरलेलं सगळं 240 चं: 3,60,000. सरासरी भाव 220, म्हणून त्या पद्धतीनं 3,30,000. शिल्लक 30,000 नं जास्त म्हणजे वापरलेलं सूत तेवढंच स्वस्त: 9,60,000 विरुद्ध 9,90,000, टॉवेलमागे 96 विरुद्ध 99 रुपये. आता पुन्हा ते 2,500 टॉवेल. फिफोमध्ये उरलेलं सूत महाग दिसतं, पण वापरलेल्या सुताचा टॉवेल 3 रुपयांनी स्वस्त दिसतो. म्हणून टॉवेलांची शिल्लक 7,500 नं कमी, आणि नफ्यावर निव्वळ परिणाम 22,500. 65,000 आणि 22,500 मिळून 87,500. मागावर अर्धवट असलेला माल मी यात धरलेला नाही, तुमच्याकडे 31 मार्चला बीमवर बराच माल असेल तर तिथंही याच नियमानं थोडं अडकेल.

एक गोष्ट मात्र दोघांना विचारा: घसारा किती टॉवेलांवर वाटला? नियम असा आहे की तो कारखान्याच्या नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा, त्या वर्षी प्रत्यक्ष कमी विणले म्हणून टॉवेलमागे वाढवायचा नाही. तुमची नेहमीची क्षमता 10,000 असेल आणि मंदीमुळे 5,000 च निघाले असते, तरी टॉवेलमागे 15 रुपयेच धरायचे आणि उरलेले 75,000 सरळ त्याच वर्षी खर्ची टाकायचे. असं केलं नाही तर टॉवेलमागे 30 रुपये पडतात, माग बंद राहिल्याचं नुकसान गोदामातल्या मालात लपतं आणि नफा फुगतो. ओळखायची सोपी खूण: उत्पादन घटलंय, सुताचा भाव तोच आहे, आणि तरी शिल्लक टॉवेलाची नगामागची किंमत मागच्या वर्षीपेक्षा वाढलीय.

हे दोन फरक पुढं सारखे वागत नाहीत. सुताचा फरक लगेच फिटतो, कारण या वर्षाची अखेरची शिल्लक हीच पुढच्या वर्षाची सुरुवातीची. आज 22,500 जास्त दाखवले तर तो माल खपला की तेवढाच नफा कमी होतो. भाव चढत राहिले तर नवी शिल्लक पुन्हा जास्त लागते आणि फरक पुढं ढकलला जातो, भाव उतरले की उलटा फिरतो. घसाऱ्याचा फरक मात्र सावकाश फिटतो. घटत्या शिलकीचा आकडा 1,50,000, मग 1,27,500, मग 1,08,375 असा उतरत सहाव्या वर्षी 66,556 होतो आणि सातव्या वर्षी 56,572. म्हणजे तिथून तो 63,333 च्या खाली जातो, आणि सातव्या वर्षापासून ती पद्धत जास्त नफा दाखवायला लागते.

आयकरात घसाऱ्याची निवड फारशी उपयोगाची नाही. पुस्तकात काहीही धरा, विवरणपत्रात तुमच्या मशिनरीवर घटत्या शिलकीनंच 15 टक्के मिळतो, आणि मशिनरी घेतली त्या वर्षात ती 180 दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्या वर्षी निम्मा. सुताच्या पद्धतीचं तसं नाही, ती करालाही लागते. फिफो आणि भारित सरासरी दोन्ही चालतात, शेवटी आलेलं आधी वापरलं असं धरणं चालत नाही, आणि वाजवी कारणाशिवाय दरवर्षी पद्धत फिरवता येत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर दुसऱ्या अकाउंटंटचा ताळेबंद घेतला असता. घसाऱ्याचा एकच तक्ता पुस्तकाला आणि कराला चालतो, आणि गोदामात सुताचे कोन एकमेकांत मिसळलेले असताना कोणतं पोतं आधी फोडलं हे कोणी सांगू शकत नाही, तिथं सरासरीच प्रामाणिक वाटते. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जासाठीचं स्टॉक स्टेटमेंटही त्याच भावानं द्या. बँकेला 240 आणि ताळेबंदात 220 असं झालं तर नूतनीकरणाच्या वेळी खुलासा देत बसावं लागतं.

मार्चअखेर भाव पडला असेल तर आणखी एक पाहा. टॉवेल खर्चाला किंवा त्याहून जास्त दरानं विकला जाणार असेल, तर सुताचा बाजारभाव 200 वर आला तरी सूत 220 लाच राहतं, खाली आणायचं नाही. पण टॉवेलचा विक्रीचा भाव 160 वर पडला, दलाली जाऊन हातात 145 च येणार असतील आणि टॉवेलचा खर्च त्याहून जास्त असेल, तर तो टॉवेल 145 लाच दाखवायचा, मग पद्धत फिफो असो की सरासरी.