आठ पानांतलं एक पान

सर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावच्या फुटबॉल संघात बहुतेक वेळा बेंचवर असतो. येत्या रविवारी चषकाचा बाद फेरीचा सामना आहे. कोचनी मला समोरच्या संघाची मॅच बघून एका पानात लिहून द्यायला सांगितलं. मी आठ पानं लिहिली, कोणीच वाचली नाहीत. आता एका पानात काय ठेवू? आणि यात पुढे करिअर आहे का?
— एक विद्यार्थी, डिचोली

तू पत्रासोबत पाठवलेली आठही पानं मी वाचली. रविवारी लागणारं पान त्यातच आहे, पण ते पाचव्या पानाच्या तळाशी दडलंय. तिथे तू त्यांच्या प्रत्येक गोलकिकपुढे खूण केली आहेस: एकूण १३, त्यातल्या १० लांब, आणि त्या १० पैकी ७ त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या असलेल्या उंच स्ट्रायकरकडे. बाकीच्या पानांवर 'मिडफिल्ड मजबूत', 'विंगर वेगवान' असं बरंच आहे. ते खोटं नाही, पण ते वाचून तुमचा लेफ्ट बॅक उभा राहण्याची जागा बदलणार नाही. गोलकिकचं वाचून तो बदलेल. एखादी ओळ ठेवायची की गाळायची, हे मी यावरूनच ठरवतो: ती वाचून आपला कोणता खेळाडू काय वेगळं करणार? नाव सांगता आलं नाही तर ओळ जाते.

पण ही ओळ पानावर घेण्याआधी एक गोष्ट तपास. तूच लिहिलंयस की हाफटाइमला ते दोन गोलांनी पुढे होते. पुढे असलेला संघ चेंडू लांब भिरकावतोच, ती त्यांची सवय असेलच असं नाही. म्हणून पहिला गोल होण्याआधीच्या गोलकिक वेगळ्या मोज. तुझ्या खुणांवरून मी मोजल्या: ६ पैकी ४ लांब, त्यातल्या ३ उजवीकडे. म्हणजे बरोबरीत असतानाही ते असंच खेळत होते. आकडा लहान आहे आणि सामना एकच आहे, तेव्हा 'नेहमी' लिहू नकोस, 'बहुधा' लिही. त्यांचा आणखी एखादा सामना पाहिलेला कोणी भेटला, तर हीच एक गोष्ट विचार.

आता त्या ७ चेंडूंचं पुढे काय झालं? तू फक्त तिघांचं लिहिलंयस. तिन्ही वेळा उंच मुलाने हेडर मागे टाकला आणि मागून धावत आलेल्या बुटक्या डावखुऱ्या मुलाने तो उचलला. खरा धोका या दुसऱ्या चेंडूत आहे. उरलेल्या चारांचं मोबाईलच्या व्हिडिओत बघ. व्हिडिओ तू गोलामागून काढला आहेस, त्यामुळे चेंडू कुठे पडतो ते नीट दिसेल.

यात एक नियम तुमच्या बचावफळीला महागात पडू शकतो. गोलकिकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईड नसते. गावच्या संघांतले बरेच बचावपटू हे विसरतात, वर सरकून ओळ धरतात आणि हात वर करून लाईनमनकडे बघत राहतात. तोवर तो उंच मुलगा त्यांच्या मागे मोकळा उभा असतो. पण त्याच गोलकीपरने चेंडू हातात धरून मग लाथ मारली, तर ऑफसाईड लागू होते. म्हणजे दिसायला सारख्या दोन लाथा, आणि आपण उभं राहायचं दोन वेगळ्या जागी. कोचना हे आधी दाखव, उभं कोणी राहायचं ते त्यांनी ठरवू दे. मी लिहिलं असतं ते असं:

'जमिनीवरून गोलकिक: आपल्या डाव्या बाजूला येईल. उंच मुलासोबत उडी स्टॉपरने मारायची, लेफ्ट बॅकने नाही. लेफ्ट बॅक त्यांच्या मागे. आपला मिडफिल्डर आठ-दहा पावलं पुढे, डावखुऱ्याच्या वाटेवर. हातातून लाथ: सगळे एका ओळीत वर.'

यात 'आपल्या डाव्या बाजूला' म्हटलंय ते बघ. तू सगळीकडे 'त्यांची उजवी' लिहिलंयस. मैदानावर धापा टाकणाऱ्या पोराला डोक्यात उजव्याचं डावं करायला लावू नकोस. आपल्या खेळाडूंची नावं लिही आणि त्यांच्या खेळाडूंची ओळख सांग. जर्सीच्या नंबरावर विसंबू नकोस. मी तरुणपणी आमच्या गावच्या संघासाठी असाच कागद केला होता, त्यात सगळं नऊ नंबरभोवती होतं. सामन्याच्या दिवशी ती जर्सी दुसऱ्याच मुलाच्या अंगावर होती आणि आमचा स्टॉपर अर्धा तास चुकीच्या माणसाला चिकटून राहिला. तो सामना आम्ही हरलो, आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता हे मला अजून सलतं. म्हणून 'उंच, उजव्या पायाचा, कपाळाला पट्टी' असं लिही. आणि खाली एक ओळ: 'उंच मुलगा खेळत नसेल तर हा भाग सोडा.' संघ वॉर्मअपला उतरला की तो आहे की नाही हे बघून कोचना सांगणं, हे काम तुझं.

कागदाच्या वरच्या अर्ध्यात हातानेच मैदान काढ आणि त्यावर ही एकच गोलकिक दाखव. खालच्या अर्ध्यात हा मजकूर आणि आणखी दोनच गोष्टी. एक, त्यांचा कॉर्नर: तुझ्या नोंदीत ५ पैकी ४ जवळच्या खांबाकडे आलेत, तेव्हा तिथे कोण उभा राहणार त्याचं नाव. दुसरी, टॉस: मैदान पूर्व-पश्चिम आहे असं तू लिहिलंयस आणि सामना चारचा. दुसऱ्या हाफमध्ये ऊन आणखी खाली येतं, ते त्यांच्या गोलकीपरच्या डोळ्यांत असावं. टॉस जिंकणाऱ्याला आता बाजू किंवा किक-ऑफ यांतलं एक निवडता येतं, हे कॅप्टनला सांगून ठेव. बरोबरी झाली तर जादा वेळ की थेट पेनल्टी, हे आयोजकांना आजच विचार. चषकागणिक ते बदलतं.

कागद शनिवारी संध्याकाळी द्यावा. रविवारी बूट बांधताना कोणी वाचत नाही. ग्रुपवर फोटो टाक, पण त्या तिघांना मैदानावर उभं करून पाच-सहा चेंडू मारून दाखव. बोलताना कोकणीतच बोल, ड्रेसिंग रूममध्ये जशी बोलता तशी.

करिअरचं म्हणशील तर गावच्या चषकात या कामाचे पैसे मिळत नाहीत, हे धरून चाल. इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांकडे सामन्याचं विश्लेषण करणारी माणसं असतात, पण जागा मोजक्या असतात आणि तिथे आधी केलेलं काम दाखवावं लागतं. डिग्री सोडू नकोस, संख्याशास्त्राचा पेपर मिळत असेल तर घे. सोबत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्सचा कोर्स कर. प्रशिक्षकांच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ती एक आहे आणि कोच कसा विचार करतो ते तिथे कळतं.

रविवारी कागदाची एक प्रत खिशात ठेव. सामना संपला की तिच्या मागे लिही: लांब गोलकिक किती आल्या, त्यातल्या आपल्या डावीकडे किती, दुसरा चेंडू किती वेळा आपल्याला मिळाला. कागद चुकला असेल तर कुठे, तेही लिही. दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठव, पुढच्या फेरीआधी आपण तो समोर ठेवून बोलू.